आधी दाब सोडा, मग पाना फिरवा

पावसाळा संपता संपता आरओ मशीनच्या बाहेर टांगलेला प्री-फिल्टर पाहावा. पारदर्शक बाउलमधली पांढरी कँडल गाळाने तपकिरी झालेली असते. ती बदलणे सोपे काम आहे, पण पुष्कळ घरांत ते पहिल्याच पायरीवर अडते, कारण बाउल उघडतच नाही. पाना लावून जोर केला की भिंतीतले स्क्रू हलतात, कधी वरच्या झाकणाला तडा जातो, आणि बाउल मात्र तसाच राहतो. अशा वेळी आटे जाम झाले असावेत असे वाटते. बहुतेकदा खरे कारण आत कोंडलेला दाब हे असते.

सात मजली इमारतीतल्या तळमजल्यावरचे स्वयंपाकघर घेऊ. गच्चीवरच्या टाकीतले पाणी तिथल्या नळापेक्षा साधारण 20 मीटर उंच असते. दर 10 मीटर उंचीमागे सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब पडतो, म्हणजे इथे 2 किलो. बाउलचा आतला व्यास 9 सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे 63 चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे बाउलला खाली ढकलणारे बल सव्वाशे किलोच्या आसपास जाते, जणू अडीच पोती सिमेंट त्याला टांगले आहे. हा सगळा भार आट्यांवर येतो. आटे एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणामुळे बाउल फिरत नाही. गच्चीला लागून असलेल्या वरच्या मजल्यावर हाच बाउल हाताने सुटतो.

नळाचा कॉक बंद केला की दाब गेला, असे आपण धरून चालतो. तो जात नाही. आरओ मशीनच्या आत सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. टाकी भरली किंवा वीज बंद झाली की तो पाण्याची वाट अडवतो. म्हणजे एकीकडे आपण बंद केलेला कॉक, दुसरीकडे बंद व्हॉल्व्ह, आणि मधल्या बाउलमध्ये दाबाखाली अडकलेले पाणी. म्हणून प्लग लगेच काढू नये. कॉक बंद करून मशीन चालू ठेवावे आणि प्युरिफायरच्या तोटीतून पाणी काढत राहावे. टाकीतली पातळी उतरली की मशीन सुरू होते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पंप बाउलमधले पाणी ओढून घेतो. पंपाचा आवाज बदलला किंवा पाणी नसल्याचा दिवा लागला की मशीन बंद करून प्लग काढावा. पंप कोरडा चालू देऊ नये.

काही बाउलच्या झाकणावर लाल बटण असते. ते दाबले की थोडे पाणी उडते आणि थांबते. बटण नसेल तर खाली बादली ठेवून मशीनकडे जाणारी नळी काढावी. जोडावरची कडी आत दाबून धरली की नळी निघते. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून बाउल काठोकाठ भरलेला असेल तर अगदी थोडे पाणी बाहेर पडताच दाब उतरतो. आत हवा अडकली असेल तर ती पसरत राहते आणि धार थोडा वेळ चालते. पण धार थांबतच नसेल तर कॉक नीट बंद होत नाही. अशा वेळी बाउलला हात लावू नये, आधी घराचा मुख्य कॉक बंद करावा.

आता पाना. तो खालून चढवून बाउलच्या वरच्या भागातल्या उभ्या कंगोऱ्यांवर पूर्ण बसवावा. अर्धवट बसला तर कंगोरे झिजतात. दिशेत फार जण चुकतात, कारण बाउल वरून नव्हे, खालून बसवलेला असतो. समोर उभे राहून पान्याचा दांडा आपल्याकडे धरला, तर तो उजवीकडून डावीकडे जायला हवा. उलट फिरवला तर बाउल आणखी आवळला जातो. एका हाताने झाकण घट्ट धरावे, म्हणजे जोर भिंतीवर आणि जोडांवर जात नाही. झटका न देता जोर हळूहळू वाढवावा.

दाब सोडूनही बाउल हलला नाही तर क्षारांचा थर, सुकलेली ओ-रिंग किंवा मागच्या वेळी पान्याने केलेली आवळणी कारण असते. कोमट पाण्यात भिजवलेला कपडा काही मिनिटे झाकणाभोवती गुंडाळावा. झाकण किंचित प्रसरण पावून आटे सैल होतात. हातोडा चालवू नये आणि गंज सोडवणारे तेल फवारू नये. पारदर्शक प्लॅस्टिकला तेलाने बारीक भेगा पडू शकतात, शिवाय ते पिण्याच्या पाण्याच्या वाटेत जाते. बाउलवर केसासारख्या भेगा दिसल्या तर तो अख्खा बदलावा, कारण पुढे भर दाबाखाली तो फुटू शकतो.

नवी कँडल घालताना ओ-रिंग काढून ती आणि तिची खाच पुसावी. रिंग चपटी झाली असेल तर नवी घ्यावी. तिला खाद्यवापराचे सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावावे. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगते. बाउल हातानेच आवळावा. गळती अडवते ती ओ-रिंग, आवळणी नव्हे. मग कॉक सावकाश उघडून जोडाभोवती कोरडा कागद फिरवावा. तो ओला झाला तरच पान्याने थोडेसे आवळावे, आणि टाकी भरून मशीन थांबल्यावर कागद पुन्हा एकदा फिरवून पाहावा, कारण बाउलमधला दाब तेव्हाच सर्वाधिक असतो.