दोन विमानांत अंतर राखायचं कुणी?

31 ऑगस्ट 1986, रविवार. लॉस एंजेलिसवर आकाश स्वच्छ होतं. टॉरन्सच्या छोट्या विमानतळावरून पायपर कंपनीचं एक इंजिनाचं विमान तिघांना घेऊन पूर्वेकडच्या बिग बेअर या डोंगरी गावाकडे निघालं. त्याच सुमारास एरोमेक्सिकोचं फ्लाइट 498 हे डीसी-9 जेट लॉस एंजेलिसला उतरायला खाली येत होतं. दुपारी बारा वाजायला काही मिनिटं असताना, सेरिटोस या उपनगराच्या वर सुमारे साडेसहा हजार फुटांवर दोघांची टक्कर झाली. पायपर जेटच्या शेपटीवर आदळलं आणि जेट घरांवर कोसळलं. जेटमधले 64, पायपरमधले 3 आणि जमिनीवरचे 15 असे 82 जण गेले.

ही टक्कर झाली ती जागा अमेरिकेतल्या सर्वांत काटेकोर राखलेल्या हवाई भागांपैकी एक होती. त्या भागात परवानगीशिवाय शिरायचं नाही, असा नियम होता. पायपरच्या वैमानिकाने परवानगी घेतली नव्हती. तो चुकून आत गेला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. ही चूक कशी होऊ शकते, ते समजलं की आकाशाचे वर्गही समजतात.

विमान दोन तऱ्हांनी उडवता येतं. एकात वैमानिक बाहेर बघून उडतो आणि इतर विमानं व ढग स्वतः टाळतो. याला व्हीएफआर म्हणतात. दुसऱ्यात तो उपकरणांवर विसंबतो, ढगांतूनही जातो आणि जमिनीवरचा नियंत्रक सांगेल त्या मार्गाने व उंचीने जातो. हे आयएफआर. दोन्ही तऱ्हेची विमानं एकाच आकाशात असतात, म्हणून प्रत्येक भागासाठी ठरवावं लागतं की इथे विमानांत अंतर राखायची जबाबदारी कुणाची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यासाठी ए ते जी अशी सात अक्षरं ठरवली आहेत आणि प्रत्येक देश त्यांतून आपल्या गरजेपुरती घेतो. अमेरिकेने 1993 मध्ये आपल्या जुन्या नावांऐवजी ही अक्षरं स्वीकारली आणि एफ वगळला.

तिथे 18,000 फुटांच्या वर क्लास ए सुरू होतो. इथे बाहेर बघून उडायला परवानगीच नाही, सगळे आयएफआर. कारण साध्या गणितात आहे. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी 450 नॉट वेगाने असली, तर त्यांच्यातलं अंतर दर चार सेकंदांना एका सागरी मैलाने कमी होतं. पाच मैलांवरून दुसरं विमान दिसलं, तरी हातात वीस सेकंद उरतात. तेवढ्यात तो ठिपका विमानाचाच आहे हे ओळखायचं, कुठे वळायचं ते ठरवायचं आणि अवजड विमान खरोखर वळवायचं. डोळ्यांवर हा भार टाकणं योग्य नाही.

सेरिटोसचा संबंध आहे तो क्लास बीशी, म्हणजे अतिशय गजबजलेल्या विमानतळांभोवतीच्या आकाशाशी. उतरंड उलटी धरावी तसा त्याचा आकार असतो. विमानतळापाशी तो जमिनीपासून सुरू होतो आणि जसजसं दूर जावं तसतसा त्याचा तळ पायरीपायरीने उंच होतो. त्यामुळे दूरवर छोट्या विमानांना त्याच्या खालून परवानगीशिवाय जाता येतं. सोय चांगली आहे, पण धोकाही इथेच आहे. तळाची उंची फक्त नकाशावर छापलेली असते. बाहेर निळ्या हवेत रेघ नसते. डोंगरी गावाकडे जायचं म्हणून वैमानिक थोडा लवकर वर चढला किंवा आपण कोणत्या पायरीखाली आहोत हे ओळखण्यात फसला, की तो आत असतो आणि त्याला कळतही नाही.

नियंत्रकालाही ते कळायला हवं होतं. पण पायपरमधला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र, उंची कळवणारा नव्हता. उंचीशिवायचा ठिपका पडद्यावर असला, तरी तो क्लास बीच्या तळाखाली आहे की आत, हे सांगता येत नाही. त्याच मिनिटांत दुसरं एक छोटं विमान परवानगी न घेता त्या हद्दीत आलं होतं आणि नियंत्रक त्याच्याशी बोलत होता. जेटला पायपरबद्दल सूचना मिळालीच नाही. चौकशी मंडळाने पायपरच्या अनधिकृत प्रवेशाला अपघाताचं सहायक कारण ठरवलं; मुख्य बोट ठेवलं ते टक्कर टाळण्याच्या नियंत्रण व्यवस्थेच्या मर्यादांवर. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. उंची कळवणारं यंत्र सगळीकडे सक्तीचं नसेल, तर हद्द आखूनही ती राखता येत नाही.

आज क्लास बीत शिरायला नियंत्रकाच्या तोंडून स्पष्ट परवानगीचे शब्द ऐकावे लागतात. त्याने नुसतं नाव घेतलं किंवा थांबायला सांगितलं, तर आत जायचं नाही. क्लास सी आणि डी हे त्याहून कमी गर्दीच्या विमानतळांचे भाग. तिथे दुतर्फा संपर्क झाला की पुरतं. नियंत्रकाने विमानाचं नाव घेऊन 'थांबा' म्हटलं, तरी संपर्क झाला असं धरतात आणि व्हीएफआर वैमानिक पुढे जाऊ शकतो. नाव न घेता 'थांबा' म्हटलं, तर मात्र बाहेरच घिरट्या घालायच्या. शिकाऊ वैमानिक इथे हमखास गोंधळतात. सीमध्ये उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर लागतो, डीला तो एरवी लागत नाही. डी हा टॉवर चालू असेपर्यंतच असतो.

क्लास ईमध्ये नियंत्रण आहे, पण ते आयएफआर विमानांपुरतं. बाहेर बघून उडणाऱ्याने कुणाशी बोलायची गरज नाही, मात्र त्याला दिसायला हवं. दिवसा 10,000 फुटांखाली किमान तीन मैलांची दृश्यता, आणि ढगापासून वर हजार फूट, खाली पाचशे फूट, बाजूला दोन हजार फूट अंतर. ढगातून अचानक आयएफआर विमान बाहेर आलं, तर दोघांनाही वेळ मिळावा म्हणून हे अंतर. 10,000 फुटांवर दृश्यता पाच मैलांची लागते, कारण त्या उंचीखाली असलेली 250 नॉटची वेगमर्यादा तिथे संपते. उरलेला क्लास जी, बहुतेक ठिकाणी जमिनीलगतचा, पूर्णपणे अनियंत्रित. दिवसा 1,200 फुटांखाली एक मैल दिसलं आणि ढगात शिरलं नाही, तर चालतं. तिथे सगळी भिस्त स्वतःच्या डोळ्यांवर.

भारताच्या नियमांत व्हीएफआरवर जास्त बंधनं आहेत. विशेष सूट नसेल तर सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी ते थांबतं आणि साधारण 15,000 फुटांवर त्याला परवानगी नाही. इथून अमेरिकेत वैमानिक व्हायला जाणाऱ्या मुलांनी हा फरक आधीच समजून घ्यावा.

सेरिटोसनंतर अमेरिकेने क्लास बीच्या मुख्य विमानतळांभोवती तीस सागरी मैलांचं वर्तुळ आखलं. त्यात शिरणाऱ्या जवळपास प्रत्येक विमानाला, ते त्या हद्दीच्या खालून जाणार असलं तरी, उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. मोठ्या प्रवासी विमानांत टक्करीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा आली. 1 जानेवारी 2020 पासून त्या वर्तुळात उपग्रहावरून आपलं स्थान ओळखून ते सतत प्रसारित करणारं यंत्रही लागतं.