हातसडीचा भात कच्चा राहतो? शिट्ट्या नको, मिनिटे मोजा

बेळगाव : बेळगाव, निपाणी भागात हातसडीचा, म्हणजे बिनपॉलिशचा तांदूळ घरी आणला की एक तक्रार हमखास ऐकू येते. ३ शिट्ट्या झाल्या, तरी भात कच्चाच!

कारण दाण्यावरच्या कोंड्यात आहे. पॉलिश करताना हा तेलकट थर निघून जातो. म्हणून पांढऱ्या तांदळाला २० मिनिटे भिजवण, वाटीला २ वाट्या पाणी आणि ३ शिट्ट्या पुरतात. हातसडीच्या दाण्यावर कोंडा तसाच असतो, त्यामुळे पाणी सावकाश आत शिरते.

असा १ वाटी तांदूळ धुऊन रात्रभर भिजत घालावा. सकाळी ते पाणी ओतून थेट कुकरमध्ये सव्वादोन वाट्या पाण्यात लावावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून १५ ते १८ मिनिटे ठेवावा. नंतर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ सोडली, की दाण्याचे उरलेले शिजणे तिथेच थांबते.

भिजवायला वेळ नसेल तर पाणी पावणेतीन वाट्या आणि वेळ २५ मिनिटांच्या पुढे धरावा.

शेवटी एक दाणा बोटांत चिरडून पाहावा. मधे पांढरा, टणक कण लागला तर अर्धी वाटी गरम पाणी घालून आणखी ५ मिनिटे कुकर लावावा.