जमा आणि नावे : द्विनोंदी पुस्तपालनातील प्राथमिक संकल्पनांचे स्पष्टीकरण

प्रस्तावना

वाणिज्य शाखेत नव्याने प्रवेश घेणारा विद्यार्थी 'जमा' हा शब्द घरूनच घेऊन येतो. दुकानात पैसे आले की ते जमा झाले, हा त्याचा व्यवहारातील अनुभव असतो. वर्गात मात्र त्याला सांगितले जाते की रोख रक्कम आली की रोख खाते 'नावे' करावयाचे. येथे त्याचा गोंधळ होतो आणि तो नियम समजून न घेता पाठ करू लागतो. प्रस्तुत लेखात या गोंधळाचे मूळ कोठे आहे ते पाहून, एका लहान व्यवसायाच्या उदाहरणाने जमा व नावे यांचे नियम स्पष्ट केले आहेत.

शब्दांचे मूळ

'नावे' हा शब्द 'नाव' या शब्दावरून आला आहे. एखाद्याला उधार माल दिला की ती रक्कम 'त्याच्या नावे टाकली' असे आपण आजही म्हणतो. म्हणजे तो आपले देणे लागतो. त्याने रक्कम आणून दिली की ती 'त्याच्या खाती जमा' होते. येथे दोन्ही शब्द समोरच्या व्यक्तीच्या खात्याविषयी बोलतात, गल्ल्यातील रोकडीविषयी नव्हे.

पारंपरिक रोजकीर्दीत डावी बाजू जमेची व उजवी नावेची असते. सहकारी संस्थांच्या दप्तरातही ही मांडणी परिचित आहे. तेथे आलेली रक्कम जमेच्या बाजूस लिहिली जाते याचे कारण ज्याने ती दिली त्याचे खाते जमा होत असते. रोकडीचे वेगळे खाते खतावणीत उघडले जात नाही. आरंभीची व अखेरची शिल्लक कीर्दीतच दाखविली जाते. पाठ्यपुस्तकातील रोख पुस्तक मात्र स्वतःच रोख खाते असते. त्यात डावी बाजू नावेची असून आलेली रोकड तेथे लिहितात. व्यवहार एकच असतो; एका मांडणीत देणाऱ्याचे खाते दिसते, दुसऱ्या मांडणीत रोकडीचे. घरची कीर्द आणि वर्गातील पुस्तक यांत विरोध नाही, एवढे प्रथम सांगितले तरी अर्धी अडचण दूर होते.

बँकेच्या पासबुकाचेही तसेच आहे. ठेवीदाराने भरलेली रक्कम तेथे 'जमा' दिसते, कारण पासबुक हा बँकेच्या वहीतील उतारा असतो आणि बँक ठेवीदाराचे देणे लागते. ठेवीदाराने आपली वही लिहिली तर त्यात बँकेचे खाते नावे होईल. कोणाची वही आपण वाचत आहोत, हे आधी ठरविले पाहिजे.

नियम आणि उदाहरण

खात्यांचे तीन प्रकार पारंपरिकरीत्या शिकविले जातात. व्यक्तिगत खात्यात घेणाऱ्याचे खाते नावे व देणाऱ्याचे खाते जमा. वास्तव म्हणजे मालमत्तेच्या खात्यात जे येते ते नावे, जे जाते ते जमा. नामधारी खात्यात खर्च व तोटा नावे, उत्पन्न व लाभ जमा. प्रत्येक व्यवहारात नावे होणारी एकूण रक्कम जमा होणाऱ्या एकूण रकमेइतकीच असते, हा या पद्धतीचा गाभा होय. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमध्ये रूढ असलेली ही पद्धत लुका पाचोली या धर्मगुरू गणितज्ञाने 1494 मध्ये छापील ग्रंथात मांडली. तिचा शोध त्याने लावला, असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही.

आता रोह्यालगतच्या वरसे येथे गणेशमूर्ती विकणारा एक काल्पनिक विक्रेता घ्यावा. मूर्ती तो पेणच्या कारखान्यातून आणतो. त्याने स्वतःचे 40,000 रुपये घालून व्यवसाय सुरू केला. रोकड आली म्हणून रोख खाते नावे. मालकाने दिली म्हणून भांडवल खाते जमा. व्यवसाय मालकापासून वेगळा मानला जातो, म्हणूनच मालक येथे देणारा ठरतो.

पुढे त्याने 60,000 रुपयांच्या मूर्ती घेतल्या. 25,000 रोख दिले व 35,000 उधार ठेवले. खरेदी खाते 60,000 ने नावे झाले. जमेच्या बाजूस दोन खाती आली : रोख 25,000 व कारखानदार 35,000.

श्रावणात ग्राहकांनी मूर्ती निवडून आगाऊ 12,000 रुपये दिले. रोख खाते नावे होईल यात शंका नाही. पण जमा कोणते? अनेकांचे उत्तर 'विक्री' असे येते. मूर्ती अद्याप दुकानातच आहेत, म्हणून विक्री झालेली नाही. विक्रेता या ग्राहकांचे देणे लागतो. म्हणून 'ग्राहकांची आगाऊ रक्कम' हे खाते जमा करावयाचे.

चतुर्थीपर्यंत सर्व मूर्ती एकूण 90,000 रुपयांना गेल्या. त्यांपैकी 71,000 रोख मिळाले, 12,000 आधीच आलेले होते आणि 7,000 उधारीत राहिले. विक्री खाते 90,000 ने जमा झाले. रोख 71,000, आगाऊ रक्कम 12,000 व उधारी 7,000 ही तीन खाती नावे झाली. आगाऊ रकमेचे खाते येथे शून्यावर आले. टेम्पोचे भाडे 4,000 व मंडपाचे 6,000, असे 10,000 खर्च खाती नावे व रोख जमा. कारखानदाराचे 35,000 फेडल्याने त्याचे खाते नावे होऊन मिटले व रोख पुन्हा जमा झाली.

शिल्लक काढली असता नावेच्या बाजूस रोख 53,000, खरेदी 60,000, खर्च 10,000 व उधारी 7,000, म्हणजे 1,30,000 येतात. जमेच्या बाजूस भांडवल 40,000 व विक्री 90,000, म्हणजे तितकेच. ही तेरीज जुळली. नफा 20,000 झाला. रोकड मात्र 13,000 नेच वाढली. उरलेले 7,000 लोकांकडे आहेत. एकेरी नोंद ठेवणाऱ्याला हा फरक कोठे गेला ते सहज सांगता येत नाही.

तेरीज जुळूनही राहणारी चूक

टेम्पोचे 4,000 रुपये नावेऐवजी चुकून भाडे खात्याच्या जमेस गेले, तर तेरजेत 8,000 चा फरक पडतो. फरकाची निम्मी रक्कम शोधली की अशी चूक सापडते. ही चूक तुलनेने सोपी म्हणावी लागेल.

आगाऊ रकमेची चूक अधिक फसवी असते. समजा विक्रेत्याने श्रावणातील 12,000 विक्रीतच जमा केले आणि मूर्ती देताना पुन्हा संपूर्ण 90,000 विक्री लिहून, रोख मिळालेले 71,000 वगळता उरलेले 19,000 उधारीत नावे टाकले. विक्री 1,02,000 होते, उधारी 19,000 होते. दोन्ही बाजूंची बेरीज 1,42,000 येते आणि तेरीज निर्दोष जुळते. नफा मात्र 20,000 ऐवजी 32,000 दिसतो.

तेरीज केवळ दोन्ही बाजू समान आहेत एवढेच सांगते. योग्य खाते निवडले की नाही हे तिला कळत नाही. त्यासाठी खतावणीतील उधारीची नावे एकेक करून पाहावी लागतात. 19,000 च्या यादीत ज्यांच्याकडे आगाऊ रकमेची पावती आहे, असे ग्राहक सापडतील. त्यांच्या पावत्यांची बेरीज 12,000 येईल. दुरुस्तीसाठी विक्री खाते 12,000 ने नावे व संबंधित ग्राहकांची खाती तितक्याच रकमेने जमा करावी लागतात. ही नोंद न करता वसुलीला गेलेल्या विक्रेत्याला ग्राहक आपली पावती दाखवील.