नळीतून सरकणारा घट्ट गाभा

जमिनीखालच्या खाणीतून धातुक काढून घेतले की मागे मोठाल्या पोकळ्या उरतात. त्या तशाच सोडल्या तर आजूबाजूचा खडक ढासळू लागतो, म्हणून त्या भरून काढाव्या लागतात. विदर्भातल्या मँगनीजच्या भूमिगत खाणींत हे काम वाळू आणि पाण्याने करण्याची रीत आहे. भरपूर पाण्याबरोबर वाळू नळीतून खाली सोडतात, पाणी निथळून जाते आणि वाळू पोकळीत बसते. जर्मनीतल्या हार्ट्स पर्वतात बाड ग्रुंड इथे शिसे-जस्ताची खाण होती. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा मार्ग निघाला. धातू काढून उरलेला बारीक चुरा, थोडे सिमेंट आणि जेमतेम पाणी एकत्र मळून त्याची दाट पेस्ट करायची आणि तीच नळीतून पोकळीपर्यंत ढकलायची. या पेस्टमधून पाणी फारसे सुटत नाही आणि सिमेंटमुळे ती जागच्या जागी कडक होते. पुढे ही पद्धत इतर देशांतल्या खाणींतही गेली.

अडचण येते ती नळीत. पाणी म्हटले की थोडा दाब दिला तरी थोडे पाणी वाहते, दुप्पट दिला की (प्रवाह संथ असेल तर) दुप्पट वाहते. पेस्टचे तसे नाही. काही एका दाबापर्यंत ती हलतच नाही. तो दाब ओलांडला की हलते, पण सगळी एकसारखी वाहत नाही. नळीच्या भिंतीलगतचा थर एकमेकांवरून घसरत राहतो आणि मधला भाग दांडक्यासारखा, आत काहीही न हलता, अख्खाच्या अख्खा पुढे सरकतो. या मधल्या भागाला इंजिनिअर ‘प्लग’ म्हणतात. प्लग किती जाड आहे हे कळले की नळीतून किती माल जाईल हे काढता येते, आणि नळी तुंबण्याच्या किती जवळ आहे हेही समजते.

या स्वभावाचा नीट अभ्यास अमेरिकेतल्या युजीन बिंगहॅम यांनी केला. पेनसिल्व्हेनियातल्या लफाएट कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. १९१६ मध्ये त्यांनी पाण्यात कालवलेल्या मातीच्या प्रवाहावर लेखन प्रसिद्ध केले आणि १९१९ मध्ये हेन्री ग्रीन यांच्याबरोबर रंगावर. रंगाला त्या काळी फक्त घट्ट द्रव समजत. बिंगहॅम आणि ग्रीन यांनी दाखवले की तो वेगळ्या जातीचा पदार्थ आहे. ब्रशने ओढताना तो पसरतो, पण भिंतीवर लावून सोडला की स्वतःच्या वजनाने ओघळत नाही, कारण त्या पातळ थरात वजनामुळे येणारा ताण त्याला हलवायला पुरत नाही. अशा पदार्थांना आता बिंगहॅम प्लास्टिक म्हणतात. टूथपेस्ट, तेलविहिरी खोदताना वापरला जाणारा चिखल आणि खाणीतली ही पेस्ट या सगळ्यांचे वागणे बऱ्याच अंशी असेच असते.

अशा पदार्थाची ओळख दोन आकड्यांनी होते. पहिला यील्ड स्ट्रेस, म्हणजे पदार्थाचे थर एकमेकांवरून घसरू लागण्यासाठी लागणारा किमान ताण. दुसरी प्लास्टिक श्यानता, म्हणजे घसरणे सुरू झाल्यावर जाणवणारा चिकटपणा. पहिला आकडा ‘हलेल की नाही’ हे ठरवतो, दुसरा ‘हलल्यावर किती वेगाने’ हे.

आता प्लगची त्रिज्या. नळीच्या मधोमध r त्रिज्येचा आणि L लांबीचा पेस्टचा दंडगोल डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या मागच्या आणि पुढच्या तोंडांवरच्या दाबातला फरक P असेल, तर त्याला पुढे ढकलणारे बल दाब गुणिले तोंडाचे क्षेत्रफळ, म्हणजे πr²P. त्याला मागे धरून ठेवतो तो बाजूच्या पृष्ठभागावरचा ताण, आणि त्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ 2πrL. पेस्ट एकाच वेगाने जात असेल तर ही दोन्ही बले सारखी असली पाहिजेत. त्यातून r अंतरावरचा ताण मिळतो:

τ = rP / 2L

म्हणजे ताण नळीच्या मध्यरेषेवर शून्य असतो आणि भिंतीकडे जाताना सरळ प्रमाणात वाढत जातो. मध्ये कुठेतरी तो बरोबर यील्ड स्ट्रेसएवढा होतो. त्या जागेच्या आतल्या बाजूला पेस्टला घसरायला पुरेसा ताण मिळत नाही, म्हणून तिथवर प्लग. यील्ड स्ट्रेसला τ₀ म्हटले तर प्लगची त्रिज्या होते:

r₀ = 2Lτ₀ / P

या सूत्रात श्यानता नाही आणि नळीची त्रिज्याही नाही. ठरावीक लांबीत ठरावीक दाब उतरत असेल, तर प्लगची जाडी फक्त यील्ड स्ट्रेसवर ठरते. ही त्रिज्या नळीच्या त्रिज्येएवढी किंवा तिच्याहून मोठी निघाली, तर सगळी नळीच प्लग झाली. प्रवाह शून्य.

एक उदाहरण पुरते सोडवून पाहू. आडवी नळी १०० मीटर लांब आणि आतून १५० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे त्रिज्या ७५ मिलिमीटर. पेस्टचा यील्ड स्ट्रेस ६० पास्कल, प्लास्टिक श्यानता १ पास्कल-सेकंद, म्हणजे पाण्याच्या सुमारे हजार पट. पेस्ट हलवायला किमान किती दाब लागेल? वरच्या सूत्रात r₀ च्या जागी ७५ मिलिमीटर घातले की १,६०,००० पास्कल, म्हणजे १.६ बार येतो. त्याखाली पंप कितीही वेळ चालवला तरी दुसऱ्या टोकाला काही येणार नाही.

समजा ४ बार दाब दिला. प्लगची त्रिज्या ३० मिलिमीटर येते. प्लग आणि नळी यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर ०.४. प्लगभोवती ४५ मिलिमीटरचे कडे आहे आणि सगळे घसरणे त्यातच होते. भिंतीला वेग शून्य, तिथून आत येताना वाढत जाऊन प्लगच्या कडेला तो सेकंदाला साधारण २ मीटर होतो. तिथून पुढे मध्यापर्यंत वेग तेवढाच राहतो. वेगाचा आलेख काढला तर वरून सपाट आणि दोन्ही बाजूंना उतरता दिसतो.

एकूण प्रवाहासाठी प्लगचा वाटा आणि कड्याचा वाटा यांची बेरीज करावी लागते. एडगर बकिंगहॅम या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये ती मांडली, आणि मार्कस रायनर यांचेही नाव तिला जोडले जाते. R ही नळीची त्रिज्या, μ ही प्लास्टिक श्यानता आणि φ हे वरचे गुणोत्तर मानले तर:

Q = (πR⁴P / 8μL) × (1 − 4φ/3 + φ⁴/3)

कंसाआधीचा भाग म्हणजे यील्ड स्ट्रेस नसलेल्या, पण तेवढ्याच चिकट द्रवाचा प्रवाह. आपल्या नळीत तो सेकंदाला सुमारे ५० लिटर येतो. कंसाची किंमत ०.४७५. म्हणून प्रत्यक्ष प्रवाह सेकंदाला २३.६ लिटर, तासाला सुमारे ८५ घनमीटर. त्यातले ५.७ लिटर एकटा प्लग वाहून नेतो.

आता दाब निम्मा करावा, २ बार. पाण्याच्या सवयीने प्रवाह १२ लिटरच्या आसपास अपेक्षित असतो. पण प्लगची त्रिज्या ६० मिलिमीटर होते, गुणोत्तर ०.८ वर जाते आणि कंसाची किंमत घसरून ०.०७ राहते. प्रवाह येतो सेकंदाला फक्त १.७ लिटर. दाब निम्मा झाला आणि माल चौदाव्या हिश्श्याच्या जवळ आला. घुसमट अशी होते. नळी एकदम बंद होत नाही, पण गुणोत्तर एकाकडे सरकू लागले की थोड्याशा बदलानेही प्रवाह कोसळतो.

बदल पेस्टमध्येही होतो. मिश्रणात पाणी थोडे कमी पडले आणि यील्ड स्ट्रेस ६० वरून ९० पास्कलवर गेला, तर ४ बारलाही प्रवाह निम्म्यावर, १२ लिटरवर येतो. इथे श्यानता तीच धरली आहे. प्रत्यक्षात पाणी कमी झाले की तीही वाढते, त्यामुळे घट आणखी मोठी असते. दाट पेस्टमध्ये पाण्याच्या प्रमाणात एक-दोन टक्क्यांचा फरकही यील्ड स्ट्रेस बराच बदलतो, म्हणून मिश्रणाच्या कारखान्यात सगळ्यांत जास्त नजर पाण्यावर असते.

हिशेबात एक सोपी वाट दिसते आणि ती अनेकजण घेतात. कंसातले शेवटचे चौथ्या घाताचे पद लहान म्हणून सोडून द्यायचे. गुणोत्तर ०.४ असताना यात दोन टक्क्यांहून कमी चूक होते, चालून जाते. पण ०.८ ला तेच केले तर कंसाची किंमत ऋण येते, म्हणजे पेस्ट पंपाकडे उलटी वाहते असे उत्तर! नळी तुंबायच्या बेतात असते तेव्हाच हे पद लागते. आज गणकयंत्र हाताशी असताना ते सोडण्याचे काही कारण नाही.

यील्ड स्ट्रेस मोजायला चार पात्यांचे एक फिरते उपकरण वापरतात. ते पेस्टमध्ये खुपसून अगदी हळू फिरवायचे आणि पेस्ट तुटून फिरू लागण्याच्या क्षणी लागलेले पिळाचे बल नोंदवायचे. इथे एक फसगत होते. स्थिर राहिलेल्या पेस्टचा यील्ड स्ट्रेस वाहत्या पेस्टपेक्षा जास्त असतो, कारण थांबल्यावर कणांची आतली मांडणी पुन्हा जुळते आणि सिमेंटही आपले काम सुरू करते. वाहत्या पेस्टसाठी काढलेला १.६ बारचा आकडा म्हणूनच तासभर थांबलेल्या नळीला लागू पडत नाही.

सूत्राच्या आणखी मर्यादा आहेत. प्रवाह शांत, थरांचा असेल तरच ते चालते. वेग फार वाढून खळबळ सुरू झाली की प्लग मोडतो. काही पेस्टमध्ये भिंतीलगत पाण्याचा पातळ थर सुटतो आणि सगळा माल त्यावरून घसरतो, मग प्रवाह हिशेबापेक्षा जास्त येतो. वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्यांत तीच पेस्ट सोडून आकडे जुळतात का ते पाहिले की हे ओळखता येते. आणि जाड कण असतील तर ते प्लगमध्ये अडकून राहतात, पण भोवतीच्या घसरत्या कड्यात त्यांना धरून ठेवणारे काही नसते, म्हणून तिथे ते तळाशी बसू लागतात.

चालू नळीत हे सगळे बाहेरून दिसत नाही. म्हणून नळीवर ठरावीक अंतराने दाबमापक बसवतात. प्रवाह तोच असताना दोन मापकांमधला दाबाचा फरक वाढत चालला, तर त्या टप्प्यात पेस्ट घट्ट होते आहे किंवा तळाशी थर साचतो आहे. हा फरक वाढू लागताच मिश्रणातले पाणी तपासावे, आणि काम थांबवायचेच असेल तर पेस्ट नळीत न ठेवता पाण्याने धुऊन काढावी. सिमेंट घट्ट झालेली नळी दाबाने मोकळी होत नाही, ती कापून बदलावी लागते.