‘उणे 30’चं लेबल आणि पिसांचं वजन

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं विनिपेग समुद्रापासून फार लांब, सपाट गवताळ मैदानात वसलेलं आहे. जानेवारीत तिथं रात्रीचा पारा सरासरी उणे 20 अंशांच्या आसपास उतरतो आणि भर दुपारीही तो बहुधा उणे 10च्या खालीच असतो. अशा गावी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी महिनाभर आधी खरेदी सुरू होते. प्रेशर कुकर, मसाले, लोणची यांत आई-आत्यांचा हात कुणी धरू शकत नाही. जॅकेटचं मात्र वेगळं. घरातल्या कुणी महाबळेश्वर, फार तर डिसेंबरातलं मनाली यापलीकडची थंडी पाहिलेली नसते, त्यामुळे दुकानदार सांगेल तेच खरं मानावं लागतं. तो जॅकेटला लटकवलेलं कार्ड दाखवतो. त्यावर ‘उणे 30’ छापलेलं असतं आणि तेवढ्यावर खरेदी होते.

हा आकडा आला कुठून, हे आधी समजून घ्यायला हवं. झोपायच्या पिशव्यांसाठी, म्हणजे स्लीपिंग बॅगसाठी, एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात विजेनं तापवलेला, माणसाच्या आकाराचा पुतळा पिशवीत ठेवून मोजमाप करतात. शीतगृहात किंवा थंडीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी युरोपात EN 342 नावाचं मानक आहे. आपण दुकानातून घेतो त्या नेहमीच्या जॅकेटला अशी कोणतीही चाचणी सक्तीची नाही. त्याचं तापमान कंपनी स्वतः ठरवते. काही कंपन्या हे काम मन लावून करतात. कॅनडा गूज या कंपनीनं आपल्या जॅकेटांसाठी पाच पायऱ्या ठरवल्या आहेत आणि पाचवी पायरी उणे 30 व त्याखालच्या थंडीसाठी आहे. तिच्याच दोन जॅकेटांत निवड करायला या पायऱ्या उपयोगी पडतात. पण एका कंपनीचं उणे 20 आणि दुसऱ्या कंपनीचं उणे 20 एकच असेल, असं समजायला काही आधार नाही.

शिवाय हा आकडा कोणत्या अवस्थेतल्या माणसासाठी आहे, हे कार्डावर क्वचितच लिहिलेलं असतं. झपझप चालणारं शरीर नुसतं उभं असलेल्या शरीराच्या दुपटीहून अधिक उष्णता तयार करतं. त्यामुळे उणे 20मध्ये चालताना पुरेसं वाटणारं जॅकेट बसथांब्यावर पंधरा मिनिटं उभं राहिलं की अपुरं पडतं. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याकडे गाडी नसते आणि त्याचा हिवाळ्यातला बराच वेळ बसथांब्यावर जातो. त्यानं जॅकेट निवडताना उभ्या माणसाचाच हिशेब धरावा.

त्यात वारा मिसळतो. हवामानखातं थंडी सांगताना दोन आकडे देतं, एक खरं तापमान आणि दुसरा ‘विंड चिल’. कॅनडात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार पारा उणे 20 असताना ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर विंड चिल उणे 33 येतो. हा आकडा उघड्या कातडीचा आहे. एवढ्या थंडीत गाल, नाक, कानांच्या पाळ्या 10 ते 30 मिनिटांत गोठू शकतात. जॅकेटच्या आत मात्र वारा शिरलाच नाही, तर अंगाला हिशेब खऱ्या तापमानाचा, उणे 20चाच. म्हणून जॅकेटचं बाहेरचं कापड वारा अडवतं की नाही, हा प्रश्न आतल्या भरणाइतकाच मोठा आहे. दुकानात तपासायची सोपी रीत म्हणजे बाहीचं कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकर मारायची. हवा सहज आरपार गेली, तर ते जॅकेट विनिपेगचं नाही.

आता भरणाकडे येऊ. ऊब खरं तर पिसं देत नाहीत आणि कापूसही देत नाही. ती मिळते अडकून पडलेल्या स्थिर हवेमुळे, आणि भरणाचं काम एवढंच की ती हवा हलू द्यायची नाही. बदकाच्या आणि हंसाच्या छातीवर मोठ्या पिसांखाली जी मऊ लव असते, तिला बाजारात ‘डाऊन’ म्हणतात. तिच्या एकेका गुच्छातून चहूबाजूंना बारीक तंतू फुटलेले असतात. अगदी थोड्या वजनात पुष्कळ हवा धरून ठेवण्यात तिच्या तोडीचं भरण अजून नाही.

या डाऊनच्या जॅकेटवर ‘फिल पॉवर’ म्हणून एक आकडा असतो, 550, 650, 800 असा. सगळ्यात मोठा गैरसमज इथं होतो. जास्त आकडा म्हणजे जास्त ऊब, असं धरून लोक दुप्पट पैसे मोजतात. फिल पॉवर सांगते ती डाऊनची प्रत. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम डाऊन फुलून किती घन इंच जागा व्यापतं, एवढंच त्यातून कळतं. जॅकेटमध्ये ते किती भरलंय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरा आकडा लागतो, भरणाच्या वजनाचा, म्हणजे ‘फिल वेट’चा. तो कार्डावर बहुधा नसतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावा लागतो.

एक उदाहरण करून पाहू. कोल्हापूरची एक मुलगी विनिपेगला निघाली आहे आणि तिच्यासमोर दोन जॅकेटं आहेत. पहिलं 800 फिल पॉवरचं, कमरेपर्यंतचं, घडी करून पिशवीत मावणारं. त्यात डाऊन 110 ग्रॅम. दुसरं 600 फिल पॉवरचं, मांडीपर्यंत येणारं, हातात घेतल्यावर जड वाटणारं. त्यात 250 ग्रॅम. 800च्या प्रतीचं एक ग्रॅम डाऊन साधारण 460 घन सेंटिमीटर जागा व्यापतं आणि 600च्या प्रतीचं साधारण 345. म्हणजे पहिल्या जॅकेटात फुललेलं डाऊन सुमारे 51 लिटर, दुसऱ्यात सुमारे 86 लिटर. दुसरं जॅकेट लांब असल्यानं त्याला अंगही जास्त झाकावं लागतं. समजा ते तीस टक्के जास्त झाकतं. तरीही त्याचा थर पहिल्यापेक्षा साधारण तीस टक्क्यांनी जाड राहतो आणि मांड्याही झाकल्या जातात, हा वेगळा फायदा. पहिलं जॅकेट वाईट नाही. ते पाठीवर सामान घेऊन डोंगर चढणाऱ्यासाठी केलेलं आहे, तिथं प्रत्येक ग्रॅम वाचवायचा असतो. बसथांब्यावरच्या मुलीनं ते वजन वाचवण्यासाठी पैसे का मोजावेत?

याच दोन जॅकेटांत शिलाईचाही फरक असतो. हलक्या जॅकेटांत बाहेरचं कापड आणि अस्तर एकमेकांना थेट शिवलेलं असतं. त्या प्रत्येक टाक्याच्या रेषेवर भरणाची जाडी शून्य होते आणि कडक थंडीत त्या रेषा अंगाला गार लागतात. जाड जॅकेटांत दोन कापडांमध्ये उभ्या पट्ट्या लावून कप्पे केलेले असतात किंवा शिवलेल्या थरावर आणखी एक सलग कापड घातलेलं असतं. उणे 20साठी असंच घ्यावं.

फिल वेट कुठंच सापडलं नाही, तर जॅकेट टेबलावर पसरून, हातानं झटकून फुलवावं आणि छातीपाशी पट्टी उभी धरून जाडी पाहावी. दोन जॅकेटांची तुलना करायला एवढं पुरतं. मग मुठीत दाबून सोडावं. चांगलं डाऊन लगेच फुगून येतं. दाबताना टोचणाऱ्या काड्या फार लागल्या, तर आत लव कमी आणि पिसं जास्त आहेत. लेबलवर ‘90 टक्के डाऊन, 10 टक्के फेदर’ असं प्रमाण लिहिलेलं असतं, तेही वाचावं.

डाऊनचा एक मोठा दोष आहे. भिजलं की त्याचे गुच्छ चिकटतात, आतली हवा निघून जाते आणि ऊब संपते. विनिपेगच्या भर हिवाळ्यात हा धोका कमी, कारण तिथला बर्फ कोरडा असतो आणि झटकला की पडतो. टोरांटो, हॅलिफॅक्स किंवा लंडनला मात्र पारा शून्याच्या आगेमागे घुटमळतो, पाऊस आणि चिखलमिश्रित बर्फ दोन्ही वाट्याला येतात. तिथं कृत्रिम धाग्याचं भरण मला जास्त शहाणपणाचं वाटतं. 3एम कंपनीचं थिन्सुलेट किंवा प्रायमालॉफ्ट ही त्यातली जुनी, भरवशाची नावं. प्रायमालॉफ्ट तर 1980च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी, भिजल्यावरही ऊब देणारं भरण हवं म्हणून तयार झालं. अशा भरणाचं माप दर चौरस मीटरला किती ग्रॅम असं देतात. तेवढ्याच उबेसाठी ते डाऊनपेक्षा जड होतं आणि सतत दाबलं गेल्यानं काही वर्षांत चेपतं. पण धुवायला सोपं आणि स्वस्तही असतं. पक्ष्यांची पिसं अंगावर नको वाटणाऱ्या शाकाहारी घरांनी थंडीच्या भीतीनं तडजोड करायचं कारण नाही. जाड, लांब आणि वारा अडवणारं कृत्रिम भरणाचं जॅकेट आत लोकर आणि फ्लीस घालून विनिपेगलाही चालतं, फक्त अंगावर ओझं थोडं जास्त होतं.

जॅकेट घालून पाहताना आत जाड स्वेटर असावा. जॅकेट तंग बसलं तर भरण आतून दाबलं जातं आणि मोजलेली जाडी फुकट जाते. टोपी जॅकेटलाच जोडलेली आणि कपाळापुढे येणारी हवी. चेनवर झाकणपट्टी हवी, आणि चेन खालूनही उघडणारी असेल तर बसमध्ये बसताना सोय होते. आत कातडीलगत सुती बनियन घालू नये. ते घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंग गार पडतं.

राहिला प्रश्न खरेदी कुठं करायची. कॅनडातली मोठी प्रवेशसत्रं सप्टेंबरला आणि जानेवारीला सुरू होतात. सप्टेंबरला जाणाऱ्यानं इथून जॅकेट घेऊच नये. तिकडे खऱ्या थंडीला दोन महिने असतात, तिथली दुकानं तिथल्याच थंडीसाठी माल ठेवतात आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगलं डाऊन अगदी कमी किमतीत मिळतं. जानेवारीला जाणाऱ्याला मात्र विमानतळाच्या दारातच उणे 25 भेटू शकतं. त्यानं इथून मध्यम जाडीचं जॅकेट, दोन थर लोकर किंवा फ्लीस, कानटोपी आणि हातमोजे अंगावर घालून निघावं. पहिल्या दिवशी कुणी न्यायला येणार असेल, तर त्यांच्याकडे एक जादा जॅकेट मागून ठेवावं. मराठी मंडळातली माणसं याला नाही म्हणत नाहीत.

आईवडिलांना एवढीच विनंती आहे. इथल्या दुकानात कार्डावरच्या आकड्याला पंधरा-वीस हजार देऊ नका. ते पैसे मुलीच्या खात्यात जॅकेटच्या नावानं वेगळे ठेवा आणि पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ती खरेदी करायला सांगा.