रिव्हर्समध्ये गाडी का किंचाळते?

मॅन्युअल गिअरची गाडी मागे घेताना चिरका, वेगाबरोबर चढत जाणारा आवाज येतो. पुढे जाताना तो नसतो. हा बिघाड नव्हे. अशा गिअरबॉक्समध्ये पुढचे गिअर हेलिकल, म्हणजे तिरप्या दात्यांचे असतात. रिव्हर्सचे मात्र पुष्कळदा स्पर, म्हणजे सरळ दात्यांचे.

सरळ दाता शाफ्टला समांतर असतो, त्यामुळे समोरच्या दात्याला तो पूर्ण रुंदीभर एकदम भिडतो आणि सुटतोही एकदम. दर वेळी बारीक हिसका बसतो. 20 दात्यांचं चाक सेकंदाला 30 फेरे घेत असेल तर असे 600 हिसके बसतात आणि 600 हर्ट्झचा सूर ऐकू येतो. तिरपा दाता एका टोकाकडून भिडत जातो. तो सुटेपर्यंत पुढच्या दात्यांनी भार उचललेला असतो, म्हणून आवाज कमी.

ही शांतता फुकट मिळत नाही. तिरपा दाता स्क्रूसारखा चाकाला शाफ्टच्या लांबीच्या दिशेने रेटतो. किती? समजा, शाफ्टवर 100 न्यूटन-मीटरचा टॉर्क आहे आणि चाकाची त्रिज्या 40 मिलीमीटर. दात्यांवर फिरवणारं बल झालं 2500 न्यूटन. दाते 20 अंशांनी तिरपे असतील तर अक्षीय रेटा सुमारे 910 न्यूटन, म्हणजे जवळपास 93 किलो वजनाइतका. तिरपेपणा 30 अंशांवर नेला तर तो 1440 न्यूटनच्या पुढे जातो. सरळ दात्यांत हा रेटा जवळजवळ शून्य. म्हणूनच रिव्हर्सचं मधलं चाक शाफ्टवर सरकवून जुळवायचं असेल तर सरळ दाते सोयीचे: ते त्याला जागेवरून ढकलत नाहीत.

हा रेटा शेवटी बेअरिंगवर येतो. साधं बॉल बेअरिंग थोडा रेटा सोसतं. आतल्या रिंगला कड नसलेलं सिलिंड्रिकल रोलर बेअरिंग उभा भार उत्तम पेलतं, पण शाफ्ट लांबीत सरकायला मोकळाच राहतो. रेटा मोठा असेल तर टेपर रोलर बेअरिंगची जोडी समोरासमोर बसवतात. जोडी का? एक्सलरेटर सोडून गाडी इंजिनवर रोखली की दात्याची दुसरी बाजू भार घेते आणि रेट्याची दिशा उलटते. एक बेअरिंग एकच दिशा सांभाळतं.

ही जोडी बसवताना शिम घालून ताण नेमका साधावा लागतो. माझ्या मते गिअरबॉक्स जुळवण्यातलं हे सर्वांत जपून करायचं काम. जास्त आवळली तर बेअरिंग तापतं. ढिली राहिली तर एक्सलरेटर दाबता-सोडताना शाफ्ट पुढेमागे आपटून ‘टक्’ असा आवाज येतो. डायल गेज शाफ्टच्या टोकाला लावून तो पुढेमागे ढकलला की किती खेळ आहे ते कळतं. खोललेल्या बॉल बेअरिंगमध्ये गोळ्यांची चकाकती वाट मधोमध नसून एका कडेला चढलेली दिसली, तर त्याने बराच अक्षीय रेटा सोसला आहे. तसंच नवं बेअरिंग टाकण्याआधी तो आला कुठून, हे शोधावं.