एकतीस ओळी, तीस फ्रॅक्शन

किरणोपचार, म्हणजे कर्करुग्णांच्या बोलीतला 'शेक', संपला की रुग्णाच्या हाती एक सारांशपत्र दिले जाते. कोणत्या भागावर, रोज किती मात्रा, एकूण किती, कधीपासून कधीपर्यंत आणि त्रास काय झाला, एवढे त्यात असते. ते ठरलेल्या योजनेवरून लिहायचे नसते. ते रोजच्या उपचार-नोंदीवरून लिहायचे असते, कारण योजना आणि प्रत्यक्ष उपचार यांत बरेचदा फरक पडतो.

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात आणि एका वेळच्या मात्रेला 'फ्रॅक्शन' म्हणतात. नुसता एकूण आकडा अपुरा असतो. ६० ग्रे रोज २ प्रमाणे ३० वेळा दिले, की रोज ३ प्रमाणे २० वेळा, यावर परिणाम बदलतो. रोजची मात्रा मोठी असेल, तर एकूण आकडा तोच असूनही हाड, मज्जातंतू यांसारख्या ऊतींना वर्षांनंतर होणारी इजा वाढते. म्हणून सारांशात दोन्ही आकडे लागतात.

नमुन्यादाखल गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण घेऊ. योजना होती ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, आठवड्यातून पाच दिवस. सुरुवात सोमवारी, ५ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. खंड पडला नसता, तर उपचार १५ मार्चला संपले असते.

नोंदपत्रकावर प्रत्येक ओळीत तारीख, फ्रॅक्शनचा क्रमांक, त्या दिवशीची मात्रा, तोवरची बेरीज आणि तंत्रज्ञाची सही असते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी होती आणि ८ मार्चला महाशिवरात्रीची. २७ फेब्रुवारीला यंत्र मध्येच बंद पडले. तोवर १.२ ग्रे देऊन झाले होते. दुरुस्तीनंतर त्याच संध्याकाळी उरलेले ०.८ दिले गेले आणि त्याची वेगळी ओळ पडली. पुढे वजन उतरल्याने चेहऱ्याचा मास्क सैल झाला. नवा मास्क आणि नवी आखणी करावी लागली, म्हणून ४ मार्चपासून दुसरे पत्रक सुरू झाले आणि त्यावर क्रमांक पुन्हा १ पासून पडले. १३ व १४ मार्चला तोंड फार सोलवटल्याने व ताप आल्याने रुग्ण येऊ शकला नाही. शेवटचे फ्रॅक्शन २१ मार्चला झाले.

आता सारांश लिहिणाऱ्याने काय मोजायचे? पहिल्या पत्रकावर २० ओळी आहेत, दुसऱ्यावर ११. ओळी मोजून दोनने गुणले, तर ६२ ग्रे येतात, आणि ते चूक आहे. फक्त शेवटचा क्रमांक पाहिला, तर ११ फ्रॅक्शन, म्हणजे २२ ग्रे दिसतात, तेही चूक. प्रत्येक ओळीतील मात्रा बेरजेला घेतली की दोन्ही पत्रके मिळून ३८ आणि २२, म्हणजे बरोबर ६० ग्रे भरतात. फ्रॅक्शन ३०, कारण २७ तारखेच्या दोन ओळींचे मिळून एकच. ओळींची संख्या, फ्रॅक्शनची संख्या आणि बेरीज यांचा मेळ बसत नसेल, तर असा तुटलेला दिवस शोधावा. बहुतेक वेळा तो सापडतो.

तारखांचेही तसेच. ४० दिवसांत संपायचे उपचार इथे ४६ दिवस चालले. मधल्या खंडात उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. डोके-मान भागात तर उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात राहण्याची शक्यता थोडी-थोडी घटते. म्हणून कधी शनिवारी, कधी एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा उपचार देऊन भरपाई करतात. या रुग्णाला तशी दिली गेली नाही. सारांशात 'खंड ४ दिवस' आणि प्रत्येकाचे कारण लिहायला हवे. नुसती सुरुवातीची व शेवटची तारीख पुरत नाही.

त्रासाची नोंद दर आठवड्याच्या तपासणीतून घेतात आणि ती प्रतींमध्ये असते. 'तोंड आले' हे मोघम झाले. 'तोंडातील दाह तिसऱ्या प्रतीचा, सहाव्या आठवड्यात, वजन ५४ वरून ४९ किलो' असे लिहिले, तर पुढच्या डॉक्टरला नेमके कळते. सर्वांत वाईट प्रत नोंदवायची, शेवटच्या दिवशीची नव्हे. शेवटी तोंड बरे होत आलेले असले, तर खरा त्रास कागदावर दिसणारच नाही.

हा कागद कामाला येतो तो काही वर्षांनी. रुग्णाचा दात काढायचा असतो. जबड्याच्या हाडाला किती ग्रे मिळाले, हे दंतवैद्याला आधी कळायला हवे, कारण जास्त मात्रा मिळालेले हाड दात काढल्यावर भरून न येता सडू शकते. त्याच भागाला पुन्हा किरण द्यायची वेळ आली, तर मज्जारज्जूला आधी मिळालेली मात्रा पाहूनच पुढची ठरते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे, आणि नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. दातांचा त्रास मात्र तीन वर्षांनंतरही उद्भवू शकतो. म्हणून उपचार संपल्याच्या दिवशीच सारांशपत्र मागून घ्यावे, त्यातली फ्रॅक्शनची संख्या आपण प्रत्यक्ष गेलेल्या दिवसांशी ताडून पाहावी आणि एक प्रत घरी जपून ठेवावी.